सोमवारी लिहून झालेला रविवार

रामहरीरावांनी आयुष्यात एकच गोष्ट नेहमी वेळेआधी केली, ती म्हणजे अहवाल. बत्तीस वर्षं ते कालवा निरीक्षक होते. आवर्तन सुटायच्या आधीच पाण्याची नोंद त्यांच्या वहीत सुवाच्य अक्षरात तयार असे, आणि पाणी मागून येऊन वहीशी जुळवून घेई. बहुतेक वेळा घेई. यात खात्याचा काही दोष नव्हता. खात्याने त्यांना सायकल दिली होती, ती त्यांना चढावर ओढत न्यावी लागे, आणि चारीचं शेवटचं टोक, खात्याच्या भाषेत टेल, नेमकं चढाच्या पलीकडे होतं.

त्या टोकाला, इंदापूर तालुक्यातल्या शेळगावात, महिपतीचा ऊस होता. एका उन्हाळ्यात वहीप्रमाणे त्या उसाला चार दिवस पाणी मिळालं. पाचव्या दिवशी महिपती बारामतीला आला, रामहरीरावांच्या टेबलावरच्या उघड्या वहीवर त्याने मूठभर कोरडी माती ठेवली आणि म्हणाला, "सायेब, तुमच्या वहीतली वल हितं कुठं दिसतीया का बघा."

तिथून त्यांची मैत्री सुरू झाली. अशी सुरुवात झालेली मैत्री मोडत नाही, कारण तिला आणखी खाली जायला जागाच नसते. रामहरीराव दुसऱ्या दिवशी सायकल ओढत शेळगावला गेले, पाणी पोचवूनच परतले, आणि सायेबाचा "रामा" झाला. पण माती महिपती विसरला नाही. गेली तीस वर्षं रामहरीरावांनी काहीही सांगितलं, अगदी "काल ताप होता" असं सांगितलं, तरी महिपती विचारी, "वहीत व्हता का अंगात?"

आता झालं असं की महिपतीच्या लेकीचं, स्वरालीचं, लग्न बेंगळुरूला झालं. तिथे रामहरीराव कॉफी प्याले आणि पुढची तीन वर्षं त्या एका कॉफीबद्दल बोलत राहिले. चहा पिताना तर हमखास बोलत. शेवटी एका रविवारी महिपती एक खोकं घेऊन बारामतीला आला.

"घे. स्वरालीनं धाडलंय. तुझं त्वांड बंद कराय."

खोक्यात कॉफी दळायची स्टीलची एक नळकांडी होती, तिला घडीचा दांडा, दांड्याला लाकडी बोंड. शिवाय एक प्लॅस्टिकचं नरसाळं, कागदाच्या गाळण्या आणि चिकमगळूरच्या भाजलेल्या बियांची दोनशे ग्रॅमची पिशवी. वर स्वरालीच्या अक्षरात चिठ्ठी होती: "काका, शून्यापासून चोवीस टिक. पंधरा ग्रॅम बिया, दोनशे चाळीस ग्रॅम पाणी. पाणी उकळल्यावर अर्धा मिनिट थांबा. आधी चाळीस ग्रॅम ओतून चाळीस सेकंद थांबा, मग बाकीचं. सगळं मिळून तीन मिनिटं."

"येक काम कर," महिपती जाताना म्हणाला. "आठ दिवस करून बघ आन् रोज काय झालं ते कागदावर लिहून धाड. फोनवर नगं. पोरीला फोटू काढून पाठवायचाय, तिला बरं वाटंल."

रामहरीरावांना यात अवघड काही दिसलं नाही. आठवड्याचा अहवाल. हयात त्यातच गेली होती.

सोमवारी सकाळी पावणेसातला ते ओट्याशी उभे राहिले. नळकांडीच्या पोटात एक स्टीलचा दातेरी शंकू फिरतो आणि त्याच्याभोवती दातेरी कडं असतं. दोघांच्या मधल्या फटीतून बी फुटत खाली येतं. फट कमीजास्त करायला खाली एक चकती, ती फिरवली की टिक-टिक वाजते. चिठ्ठीत चोवीस लिहिलं होतं. रामहरीरावांनी चकती होती तिथून चोवीस टिक मोजले. ती आधी कुठे होती, हा प्रश्न त्यांना पडला नाही. कालव्याच्या दारावरही त्यांनी तो कधी पडू दिला नव्हता.

नळकांडी ओट्यावर दाबून धरून त्यांनी दांडा फिरवला. कडाकडा आवाज झाला. पहिल्या मजल्यावरचा तो आवाज ग्रॅनाईटमधून, भिंतीतून, तळमजल्यावरच्या सावळारामांच्या उशीपर्यंत गेला. सावळाराम सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि त्यांची उशी भिंतीला टेकलेली होती. पण तो भाग पुढे येईल.

खालची वाटी उघडून रामहरीरावांनी आत पाहिलं. त्यांच्या पत्नी म्हाळसाबाईंनीही पाहिलं.

"ही तर भरड झाली," त्या म्हणाल्या. "म्हशीला घालायचीय का?"

"बेंगळुरूला अशीच असते."

पाणी ओतलं तर ते पाऊण मिनिटात सरळ खाली आलं, वाटेत कुणाशी न बोलता. कपात जे होतं त्याचा रंग विसळलेल्या पातेल्यासारखा होता आणि चव चिंचेचं बोटूक चाटल्यासारखी. रामहरीरावांनी ते निर्विकार चेहऱ्याने संपवलं. सरकारी नोकरीत माणूस दुसरं काही शिको न शिको, हे शिकतो. दुपारी आणखी दोनदा केलं, दोन्हीदा तेच झालं.

संध्याकाळी ते आभारपत्र लिहायला बसले. सोमवारचा मजकूर लिहिताना त्यांनी वास्तवाला थोडा हात दिला: "पहिल्याच दिवशी सुगंध घरभर दरवळला." मग हात लागलाच होता म्हणून मंगळवार लिहिला. बुधवार लिहिला. पत्रातल्या शनिवारी शेजाऱ्यांनी कौतुक केलं. रविवारपर्यंत पोचले तेव्हा लेखणी अशी काही वाहायला लागली होती की टेलपर्यंत पाणी: "आज रविवार. पावणेसातला दळायला बसलो. बरोबर तीन मिनिटांत दोन कप झाले. चव संत्र्यासारखी हलकी आंबट आणि मागून काकवीसारखी गोड. तुझी भेट सार्थकी लागली. तुझा, रामा."

पाकीट चिकटवलं, पत्ता लिहिला, आणि पुढच्या सोमवारी टाकू म्हणून फ्रिजवर ठेवलं.

मंगळवारी सकाळी सावळाराम नोटीस घेऊन वर आले. नोटिशीत म्हटलं होतं की निवासी जागेत गिरणी चालवायला सर्वसाधारण सभेची परवानगी लागते आणि अर्जासोबत विजेच्या जादा भाराचा दाखला जोडावा लागतो.

"सावळारामजी, ही हाताने फिरते. वीज लागत नाही."

"मग तसं लिहून द्या, की वीज लागत नाही. आणि वीज लागत नसल्याचा दाखला जोडा."

"तो कोण देतं?"

सावळारामांनी विचार केला. "वीज मंडळ देत असेल," ते म्हणाले, आणि हे बोलता बोलता उघड्या पिशवीतल्या मूठभर बिया फुटाणे समजून तोंडात टाकल्या. चावल्या. त्यांचा चेहरा बराच वेळ निर्णय घेत होता. शेवटी गिळून म्हणाले, "कडक भाजलेत. बघू तुमची गिरणी. अहो, हे जाडं दळताय तुम्ही! दळण म्हणजे कसं, पीठ पाहिजे."

त्यांनी चकती अशी आवळली की दांडा हलेना. मग उपकार म्हणून सहा टिक सैल केली. या वेळी रामहरीराव नळकांडी हातात धरून दळत होते, त्यामुळे आवाज अर्ध्यावर आला, पण बाहेर पडलं ते अष्टगंधासारखं पीठ. पाणी ओतलं तर ते वरच उभं राहिलं. उसात पाणी तुंबतं तसं तुंबलं. एक-एक थेंब सुतक असल्यासारखा उतरत होता. आठ मिनिटांनी निघालेला काढा सावळारामांनी पाहुणा म्हणून आधी घेतला.

"कडुलिंब घातलाय का?"

"शुद्ध आहे."

"पोटाला चांगला असेल," सावळाराम म्हणाले आणि उठले. त्यांना इंदापूरला तहसील कचेरीत जायचं होतं. सातबाऱ्यावर त्यांचं नाव सावित्रीराम असं लागलं होतं आणि ते दुरुस्त करायला त्यांना ते सावित्रीराम नसल्याचा पुरावा हवा होता. इंदापूर म्हटल्यावर म्हाळसाबाईंचं लक्ष फ्रिजकडे गेलं. रामहरीराव तेव्हा दात घासत होते, पुन्हा एकदा. म्हाळसाबाईंनी पाकीट उचललं. "भावजी, वाटंत शेळगावला हे तेवढं महिपतीभावजींच्याकडं द्या की. यांनी लिहून ठिवलंय, टपालात टाकायचं राहिलं असंल."

बुधवारी सकाळी फोन वाजला.

"रामा, पत्र मिळालं," महिपतीचा आवाज फार शांत होता. "झ्याक लिवलंयस. येकच सांग. आज वार कोनता?"

"बुधवार," रामहरीराव बेसावधपणे म्हणाले.

"मलाबी तसंच वाटलं. म्या कॅलेंडर बघितलं. मग हिला इचारलं. तीबी बुधवारच म्हनली. तुझ्याकडं मातुर रविवार हून गेलाय."

रामहरीरावांनी फ्रिजकडे पाहिलं. वर फक्त विजेचं बिल होतं.

"पोरीला फोटू अजून धाडला न्हाय," महिपती म्हणाला. "म्या रविवारी येतो. पत्र घिऊन येतो. पावनेसातला. त्यात लिवलंय तसं झालं, तर धाडतो. न्हाय झालं तर," इथे तो जरा थांबला, "माती घिऊन येतो."

फोन ठेवल्यावर रामहरीराव खुर्चीत बसले. माणसाने केलेलं लिहावं, असं थोर लोक सांगतात. लिहिलेलं करून दाखवावं लागतं तेव्हा काय होतं, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही. त्यांच्यापुढे चार दिवस होते, निम्म्यावर आलेली पिशवी होती, आणि स्वतःच्याच हस्ताक्षरातला एक काकवीसारखा गोड रविवार होता.

त्या दिवशी त्यांनी चार वेळा केलं. दर वेळी अंदाजाने टिक बदलले, दर वेळी काहीतरी वेगळं वाईट झालं. दळताना कॉफीचा भुसा घर्षणाच्या विजेने वाटीला आणि मनगटाला चिकटत होता. त्यावर म्हाळसाबाईंनी दळण्याआधी बियांवर ओल्या चमच्याचं एक टिपूस फिरवलं तर चिकटायचं थांबलं. एवढा एक विजय सोडला तर बुधवार पत्रातल्या बुधवारासारखा बिलकूल नव्हता.

गुरुवारी सावळाराम पुन्हा आले. यंत्रात आधीचं पीठ अडकलं असणार, असं त्यांचं मत पडलं. "मिक्सरचं भांडं आम्ही तांदूळ फिरवून साफ करतो," ते म्हणाले, आणि कुणी नको म्हणायच्या आत आंबेमोहोर घातलासुद्धा. दांडा अडीच वेढे फिरला, कच्च झाला आणि थांबला. सावळारामांनी जोर लावला. दांडा हलला नाही, पण सावळाराम हलले आणि कट्ट्याला कोपर लागून त्यांच्या तोंडून सेक्रेटरीला न शोभणारा शब्द निघाला. त्याची नोंद कुणी इतिवृत्तात घेतली नाही.

नळकांडी उघडावी लागली. चकती सुटली, वॉशर सुटला, शंकू निघाला आणि स्प्रिंग जी उडाली ती थेट फ्रिजखाली. रामहरीराव लाटणं घेऊन पालथे पडले. त्यांना त्या अवस्थेत तीस वर्षांपूर्वीची सायकल आठवली. स्प्रिंग फ्रिजखालून ओढून काढल्यावर म्हाळसाबाई जुना टूथब्रश घेऊन बसल्या आणि कोरड्यानेच एकेक दात झाडायला लागल्या. तांदळाच्या कण्या निघाल्या, काळी पिठी निघाली.

"पाण्याने धुवू या का?" रामहरीरावांनी विचारलं.

"पोलाद हाय ते. गंज धरंल. जातं कुनी धूतं व्हय?" म्हाळसाबाई शंकू उलटसुलट बघत होत्या. "अहो, हे जातंच हाय की. हे वरचं, हे खालचं. जात्याची पाळू, वरचा दगुड, खाली टेकली का दळन हुत न्हाय. मग मधला खुंटा जरा वर करायचा. तुमी टिक कुठनं मोजता?"

"असतात तिथून."

म्हाळसाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला सदतीस वर्षं झाली की अशा नजरेला शब्द लागत नाहीत. त्यांनी सगळं जोडलं, चकती दांडा अडेपर्यंत हलकेच आवळली, म्हणाल्या, "हे शून्य," आणि तिथून मोजून चोवीस टिक सैल केले.

शुक्रवारी सकाळी वाटीत उतरला तो जाडसर रवा. एकसारखा, साखरेसारखा सुटा. रामहरीरावांनी तो बोटांत चोळला आणि त्यांना नोकरीत बढती मिळाली होती तेव्हाही झाला नव्हता एवढा आनंद झाला. पाणी ओतलं, तीन मिनिटांच्या आसपास उतरलं, आणि चव... चव काहीच नव्हती. वाईट नव्हती, नव्हतीच. खडू भिजवून वर कॉफीचं नाव घ्यावं तशी.

ते खुर्चीत बसून राहिले. म्हाळसाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कुठलं पानी घेतलं?"

"नळाचं."

"बोअरचं हाय ते. त्यात तुरीची डाळ शिजत न्हाय, तुमची कॉफी काय शिजनार? किटलीचा तळ बघा की."

रामहरीरावांनी किटलीत डोकावलं. तळाला पांढरा थर होता, भिंतीला गिलावा करावा तसा. बत्तीस वर्षं ज्या माणसाने पाणी मोजलं, कुठल्या चारीचं गोड, कुठल्या विहिरीचं जड, हे ज्याला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं, तो माणूस आठवडाभर यंत्राला शिव्या देत होता. त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगायची नाही असं ठरवलं आणि म्हाळसाबाईंकडे पाहिल्यावर लक्षात आलं की घरात ती आधीच कळलीय, लपवायची ती आता फक्त जगापासून.

नरसाळ्यातला ओला कागद टाकायला त्यांनी उचलला, आणि तिथे ते थबकले. मधोमध एक खड्डा पडला होता आणि कडेचा अर्धा चोथा कोरडा होता. पाणी एकाच जागी ओतल्यामुळे त्याने मधे ओघळ पाडला होता आणि तिथूनच सगळं निघून गेलं होतं. कडेपर्यंत पोचलंच नव्हतं.

ही जागा त्यांनी पाहिलेली होती. चढाच्या पलीकडे, उन्हाळ्यात. त्यांनी कोरडा चोथा चिमटीत घेऊन चोळून बघितला.

शनिवारी जारचं पाणी आलं. ते पाणी रामहरीरावांनी शेतात दारं धरल्यासारखं दिलं. आधी गाळणी नुसत्या गरम पाण्याने भिजवून घेतली. मग चाळीस ग्रॅमची आंबवणी: लागणीनंतरचं हलकं पाणी, जमीन नुसती ओली करायला. रवा फुगून वर आला, बुडबुडे सुटले. चाळीस सेकंद थांबले. मग बारीक धार, मधून कडेकडे गोल, पुन्हा मधे. थोडं थांबून दुसरी पाळी, मग तिसरी. सव्वादोन मिनिटांतच उतरलं. जरा पाणचट, जरा आंबट, पण पहिल्यांदाच कप तोंडापासून बाजूला घेतल्यावर पुन्हा तोंडाकडे गेला.

"लवकर उतरलं," ते पुटपुटले. "दोन टिक बारीक. बावीस."

पिशवी काट्यावर उपडी केली. सतरा ग्रॅम. पंधरा लागत होते. पुन्हा करून बघायला काही उरलं नव्हतं.

रविवारी पावणेसातला पाच मिनिटं कमी असताना महिपती दारात उभा होता. पांढरं धोतर, डोक्याला फेटा, एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात रुमालात बांधलेलं काहीतरी गोल. ते त्याने टेबलावर ठेवलं. रामहरीरावांनी त्याकडे बघायचं टाळलं. मागोमाग सावळारामही आले, ध्वनिपातळी तपासायला, असं म्हणाले, आणि बसले.

महिपतीने चष्मा लावला. "'पावनेसातला दळायला बसलो.' बस."

रामहरीराव बसले. टिपूसभर पाणी, पंधरा ग्रॅम बिया, बावीस टिक. नळकांडी छातीशी धरून त्यांनी दांडा फिरवला. कुरकुर-कुरकुर आवाज येत राहिला आणि मिनिटभराने दांडा एकदम हलका झाला, मोकळा फिरला. बिया संपल्या. सावळारामांनी कान टवकारले आणि "मर्यादेत" असं जाहीर केलं.

"'बरोबर तीन मिंटांत,'" महिपतीने वाचलं आणि मनगट वर केलं.

आंबवणी. चाळीस सेकंद. रामहरीरावांनी धार तुटू दिली नाही. पहिली पाळी. दुसरी. तिसरी कडेपर्यंत. शेवटचा थेंब पडला.

"तीन मिंटं दहा शेकंद," महिपती म्हणाला. "दहा शेकंद वहीत न्हाईत."

"नाहीत," रामहरीराव म्हणाले. कपात ओतता ओतताच ते पुढे म्हणाले, "महिपती, ते पत्र मी सोमवारीच लिहिलं होतं. सगळं. रविवारसकट."

"ते पहिल्या वळीलाच कळलं. पन म्हनलं, येवढं लिवलंय, तर करतोय का बघू." त्याने कप उचलला. फुंकर मारली. एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग तो बराच वेळ खिडकीतून पार्किंगमधल्या स्कूटर बघत बसला.

"वहिनी," तो शेवटी म्हणाला, "संत्र्यासारखं काय न्हाय. काकवी हाय मातुर. शेवटाला."

मग तो नरसाळ्यात वाकून बघायला लागला. चोथा सपाट होता, कडेपर्यंत काळाभोर ओला. त्याने बोटाने कड दाबली, बोट वर धरून बघितलं.

"टेलपत्तूर पानी आलं, रामा," तो म्हणाला.

रामहरीरावांनी दुसरा कप उचलला. महिपतीने रुमाल सोडला. आत बियांची दुसरी पिशवी होती, गोल गुंडाळलेली. "स्वरालीनं दोन धाडल्या व्हत्या. येक मागं ठिवली व्हती. म्हनलं, ह्यो पहिली वाया घालवनार."

"माती कुठंय?" सावळारामांनी निराश होऊन विचारलं. रविवारी सकाळी उगीच उठलो, असं त्यांना वाटलं असावं.

"शेतात," महिपती म्हणाला, आणि पत्राची घडी करून रामहरीरावांसमोर सरकवली. "ह्ये घे परत. दुसरं लिव. पोरीला धाडायचं."

रामहरीराव तिथेच बसून लिहायला लागले. "प्रिय महिपती, भेट मिळाली. सोमवारी भरड झाली. मंगळवारी काढा झाला. बुधवारी काहीच जमलं नाही. गुरुवारी सावळारामांनी तांदूळ घातले. शुक्रवारी पाणी चुकलं. शनिवारी पाणचट. आज रविवार. दहा सेकंद उशीर झाला. दोन कप झाले, एक तू प्यालास. आभारी आहे."

महिपतीने वाचलं, पालथं करून मागे काही आहे का पाहिलं. "आन् सोमवारचं?"

"सोमवार अजून व्हायचाय," रामहरीराव म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.